उभ्या रेघा, आडव्या रेघा

गिटार शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात दोन तऱ्हेची चित्रं असतात. एकात सहा उभ्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या काही आडव्या रेघा आणि मधल्या घरांत काळे ठिपके. दुसऱ्यात सहा आडव्या रेघा आणि त्यांच्यावर बसवलेले आकडे. पहिलं कॉर्डचं चित्र, दुसरं टॅब. दोन्हींतल्या सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा ताराच, पण दोन्ही चित्रं गिटारकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. त्यामुळे एकात डावीकडे असलेली तार दुसऱ्यात तळाशी जाते आणि एकातला ‘३’ दुसऱ्यातल्या ‘३’पेक्षा वेगळं काही सांगत असतो. एवढं उलगडलं तर बोट कुठे ठेवायचं हे कळतं. मग उरतं ते कधी वाजवायचं. त्याच्या खुणा बारीक असतात, कानाकोपऱ्यात असतात आणि बहुतेक जण त्या न वाचताच पुढे जातात. गाणं ओळखू येतं की नाही, हे मात्र त्याच खुणांवर ठरतं.

सुरुवात तारांच्या क्रमापासून करू. तारांची मोजणी बारीक तारेपासून होते. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. उजव्या हाताने वाजवणाऱ्याने गिटार मांडीवर घेतली की पहिली तार जमिनीकडे येते आणि सहावी त्याच्या हनुवटीकडे. आवाजाच्या हिशोबाने मात्र पहिली तार सर्वांत उंच आणि सहावी सर्वांत खालची. म्हणून ‘वरची’ किंवा ‘खालची’ तार असं न म्हणता नंबरानेच बोलायची सवय लावून घ्यावी. शिकवणारा आवाजाबद्दल बोलत असतो, शिकणारा जागेबद्दल ऐकत असतो आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

आता गिटार समोरच्या भिंतीला उभी टेकवली आहे, तिचा चेहरा आपल्याकडे आहे आणि खुंट्या वर आहेत असं समजा. आपल्याला जे दिसेल तेच कॉर्डचं चित्र. सर्वांत डावीकडे जाड सहावी तार, सर्वांत उजवीकडे बारीक पहिली. वरची ठळक आडवी रेघ म्हणजे नट, खुंट्यांकडून आलेल्या तारा ज्या खाचांमधून पुढे जातात ती पट्टी. त्याखालच्या आडव्या रेघा म्हणजे फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या. नट आणि पहिली पट्टी यांच्यामधलं घर हा पहिला फ्रेट, त्याखालचा दुसरा, मग तिसरा. सी मेजर हा कॉर्ड असा दिसतो:

```
 X        O     O
 ================
 |  |  |  |  1  |
 ----------------
 |  |  2  |  |  |
 ----------------
 |  3  |  |  |  |
 ----------------
 6  5  4  3  2  1
```

तळाचे तारांचे नंबर मी सोयीसाठी लिहिलेत, पुस्तकात ते बहुधा नसतात. वरच्या `X`चा अर्थ ती तार वाजवायची नाही. `O`चा अर्थ ती मोकळी वाजवायची, तिच्यावर बोट नको. घरातले आकडे कोणतं बोट ते सांगतात. तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. पियानोच्या पुस्तकात अंगठा १ असतो, त्यामुळे कीबोर्ड शिकलेली मुलं गिटारवर आली की सुरुवातीला एका बोटाने चुकतात. गिटारमध्ये अंगठा मानेच्या मागे असतो आणि मोजणीत येतच नाही.

तर सी कॉर्ड वाचायचा तो असा: अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये. तिसरी आणि पहिली तार मोकळी. सहावी गप्प.

चित्र एक गोष्ट सांगत नाही. ठिपका घराच्या मधोमध काढलेला असतो, पण बोट मधोमध ठेवायचं नसतं. ते पुढच्या पट्टीला, म्हणजे गिटारच्या पोटाकडच्या पट्टीला जवळजवळ टेकलेलं हवं, फक्त तिच्यावर चढलेलं नको. नेहमीच्या गिटारवर पहिलं घर साडेतीन सेंटिमीटरहून थोडं जास्त रुंद असतं. त्यात बोट नटच्या बाजूला ठेवलं, तर तार पट्टीवर नीट बसवायला खूप जोर लावावा लागतो आणि तरीही ती झणझणते. तेच बोट पट्टीजवळ सरकवलं की अर्ध्या जोरात आवाज स्वच्छ येतो. ‘बोटं दुखतात’ ही नव्या विद्यार्थ्यांची तक्रार पुष्कळदा या दोन सेंटिमीटरांमुळे असते, आणि चित्र तंतोतंत पाळणाऱ्यालाच तो त्रास जास्त होतो.

कॉर्ड बरोबर लागला की नाही, हे तपासायला मराठी वाचकाच्या हाताशी उत्तम साधन आहे. पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडा. पाचव्या तारेचा सूर सा धरला, तर चौथी ग देते, तिसरी प, दुसरी वरचा सा आणि पहिली वरचा ग. सा, ग, प, सां, गं असे पाच सूर ओळीने ऐकू आले की कॉर्ड लागला. तयार कानाला गिटारचा ग किंचित चढा वाटेल. ती वाजवणाऱ्याची चूक नव्हे. हार्मोनियमसारखीच गिटारही सप्तकाचे बारा सारखे भाग करून बनवलेली असते आणि तिचा ग नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा वर असतो.

एखाद्या तारेवर सुराऐवजी ‘टप्’ असा मुका आवाज आला, तर दोष कुठे आहे तेही त्या तारेवरून कळतं. पहिली तार मुकी असेल तर तर्जनी आडवी पडली आहे आणि तिचा मांसल भाग पहिल्या तारेला लागतो आहे. तिसरी मुकी असेल तर मधलं बोट चौथ्या तारेवरून खाली कललं आहे. दोन्हींवर इलाज एकच, बोटाचं पेर उभं करून टोकाने दाबायचं. सहाव्या तारेचा `X` मात्र बोटानेच सांभाळला जातो. पाचव्या तारेवरच्या अनामिकेचं टोक किंचित पुढे जाऊन सहाव्या तारेला नुसतं शिवलं, की ती चुकून छेडली गेली तरी वाजत नाही.

सगळेच कॉर्ड नटजवळ नसतात. चित्रात वरची ठळक रेघ नसेल आणि बाजूला `5fr` असं लिहिलं असेल, तर सर्वांत वरचं घर हा पाचवा फ्रेट. अनेक तारांवरून जाणारी एक कमान किंवा जाड पट्टी दिसली, तर एकच बोट, बहुधा तर्जनी, त्या सगळ्या तारांवर आडवं दाबायचं.

आता टॅब. गिटार मांडीवर घ्या आणि मान पुढे करून मानेच्या पट्टीकडे पाहा. जाड सहावी तार डोळ्यांना सर्वांत जवळची, बारीक पहिली सर्वांत दूरची. हे दृश्य कागदावर उतरवलं की टॅब होतं. सर्वांत वरची रेघ पहिली तार, सर्वांत खालची सहावी. मांडीवरच्या गिटारमध्ये जी तार जमिनीकडे आहे ती कागदावर वर जाते, म्हणून टॅब उलटं आहे असं सगळ्यांना वाटतं. वाकून एकदा पाहिलं की ते सुलट होतं.

टॅबच्या रेघेवरचा आकडा फ्रेटचा असतो, बोटाचा नाही. ० म्हणजे मोकळी तार. आकडे एकाखाली एक असतील तर त्या तारा एकदम वाजवायच्या, डावीकडून उजवीकडे पसरले असतील तर एकामागून एक.

इथे सी कॉर्ड नवशिक्याला नकळत फसवतो. त्यात तर्जनी पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट दुसऱ्यावर आणि अनामिका तिसऱ्यावर येते. बोटांचे नंबर आणि फ्रेटचे नंबर जुळतात, म्हणून दोन्ही आकडे एकच आहेत असा समज होतो आणि तो काही आठवडे सुखाने टिकतोही. तो मोडायला डी मेजर घ्यावा. डीमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये आणि मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये असतं. चौथी तार मोकळी. चौथीपासून पहिलीपर्यंत वाचत गेलो, तर टॅब ०, २, ३, २ म्हणेल आणि कॉर्डचं चित्र तीन बोटं १, ३, २ अशी दाखवेल. दोन चित्रांचा कॉर्ड एक, आकडे वेगळे. डी शिकवताना दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, तर हा गोंधळ एका बैठकीत मिटतो, असं मला वाटतं.

`X`चंही असंच आहे. कॉर्डच्या चित्रात `X` म्हणजे तारेला हात लावू नका. टॅबमध्ये न वाजवायची तार नुसती कोरी राहते. तिथे रेघेवर `x` दिसला, तर तार डाव्या हाताच्या बोटाने हलकेच झाकून वाजवायची आणि मुद्दाम तो मुका ‘टप्’ काढायचा.

आपला सी कॉर्ड टॅबमध्ये, एकेक तार सुटी छेडत, असा येईल:

```
e|---------0-------|
B|-------1---1-----|
G|-----0-------0---|
D|---2-----------2-|
A|-3---------------|
E|-----------------|
   1 & 2 & 3 & 4 &
```

डावीकडची अक्षरं ही मोकळ्या तारांच्या सुरांची पाश्चात्त्य नावं. पहिली आणि सहावी दोन्ही ई, म्हणून पहिलीचं अक्षर लहान लिहिण्याचा प्रघात आहे. वाचन डावीकडून: पाचवी तार तिसरा फ्रेट, चौथी तार दुसरा, तिसरी मोकळी, दुसरी तार पहिला, पहिली मोकळी आणि त्याच वाटेने परत चौथीपर्यंत.

आकडे वाचून हे वाजवणाऱ्या नवख्या माणसाचा हात पाहिला, तर तो पाचव्या तारेवर बोट ठेवतो, वाजवतो, उचलतो. मग चौथ्या तारेवर बोट नेतो, वाजवतो, उचलतो. त्याने एकही आकडा चुकवलेला नसतो, तरीही वाजतं ते तुटक-तुटक. कारण टॅब फक्त स्वर कधी सुरू होतो ते सांगतं. बोट किती वेळ दाबून ठेवायचं, हे त्या आकड्यात नसतं. ३, २, ०, १, ० हा ऐवज पाहिल्याबरोबर ‘अरे, हा तर सी’ असं ओळखायचं, आकृती आधीच पूर्ण बसवायची आणि ओळ संपेपर्यंत डावा हात हलवायचाच नाही. मग पाचव्या तारेचा सा खाली घुमत राहतो आणि बाकीचे सूर त्याच्यावर चढत जातात. चांगल्या छापील टॅबमध्ये ओळीच्या डोक्यावर कॉर्डचं नाव किंवा छोटं चित्र याचसाठी दिलेलं असतं. ती शोभा नाही, डाव्या हाताला दिलेली सूचना आहे.

पुढच्या ओळीत ए मायनर आला, छापील भाषेत `Am`, तर दोन चित्रं शेजारी ठेवून बघावं काय बदललं ते. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये होती, तिथेच राहते. मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये होतं, तेही राहतं. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून निघून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटमध्ये जाते. पाचवी तार आता मोकळी वाजते. सगळा हात उचलून पुन्हा मांडणाऱ्याचा इथे ताल जातो आणि एकच बोट हलवणाऱ्याचा जात नाही. टॅबच्या आकड्यांत ही सोय दिसत नाही, चित्रांत लगेच दिसते.

ज्यांना गाण्याला साथ करायची आहे, त्यांना कॅपोही भेटेल. गाणारा काळी एकमध्ये गातो आणि आपला सी म्हणजे पांढरी एक. पहिल्या फ्रेटवर कॅपोचा चिमटा लावला की तेच सीचे कॉर्ड काळी एकमध्ये वाजतात. अशा वेळी कागदावर `Capo 1` लिहिलेलं असतं आणि चित्र आणि टॅब दोन्हींची मोजणी बहुधा चिमट्यापासून सुरू होते. ० म्हणजे चिमट्यापासून मोकळी तार आणि ३ म्हणजे चिमट्यापुढचं तिसरं घर, गिटारवर प्रत्यक्षात चौथं.

इथपर्यंत सगळा हिशोब जागेचा झाला. वेळेचा हिशोब टॅबमध्ये नसतोच, असं अनेक जण मानतात. ते खरं नाही. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ साली फ्रांचेस्को स्पिनाचिनोच्या ल्यूटवादनाचं पुस्तक छापलं. आज उपलब्ध असलेलं ते सर्वांत जुनं छापील ल्यूट-टॅब. त्यातही सहा रेघा आहेत, रेघांवर फ्रेटचे आकडे आहेत आणि रेघांच्या वर लयीच्या खुणा आहेत: उभी दांडी, तिला एक शेपूट, दोन शेपट्या. त्या इटालियन पद्धतीत वरची रेघ जाड तारेची होती. पुढे १५३६ साली स्पेनमध्ये लुईस मिलानने ‘एल माएस्त्रो’ या विहुएलाच्या पुस्तकात वरची रेघ उंच सुराच्या तारेला दिली आणि आजचं टॅब तसंच आहे. म्हणजे रेघांची दिशा बदलली तरी लयीच्या खुणा टॅबच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहेत. त्या हरवल्या संगणकावर साध्या टंकाने टॅब लिहायला लागल्यावर, कारण कीबोर्डवर आडवी रेघ आणि आकडे होते, दांड्या आणि शेपट्या नव्हत्या.

छापील टॅबमध्ये आजही त्या आकड्यांच्या खाली किंवा वर असतात आणि वाचायला सोप्या आहेत. उभ्या रेघेपासून पुढच्या उभ्या रेघेपर्यंत एक बार. सुरुवातीला ४/४ लिहिलं असेल तर एका बारमध्ये चार मात्रा. आकड्याला नुसती दांडी म्हणजे एक मात्रा. दांडीला एक शेपूट म्हणजे अर्धी मात्रा, दोन शेपट्या म्हणजे पाव. शेजारशेजारच्या अर्ध्या मात्रांच्या शेपट्या जोडून एक आडवी पट्टी काढतात. पट्टीने जोडलेले दोन आकडे पाहिले की ते दोन मिळून एक मात्रा, हे डोळ्याला लगेच कळतं. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीत एका मात्रेतल्या स्वरांखाली अर्धचंद्र असतो, तेच काम इथे ही पट्टी करते. दोन मात्रांच्या स्वरासाठी सगळीकडे एकच खूण नाही. कुठे आकड्याभोवती वर्तुळ असतं, कुठे आखूड दांडी. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ते दिलेलं असतं आणि ते पान वगळू नये.

खुणेनंतर टिंब असेल तर मूळ वेळेत निम्मी भर. एक मात्रा आणि टिंब म्हणजे दीड. तिच्यामागून जवळजवळ नेहमी अर्धी मात्रा येते, कारण दोन्ही मिळून दोन होतात. मोजायचं ते ‘एक आणि दोन आणि’ असं तोंडाने म्हणत. पहिला स्वर ‘एक’वर वाजवायचा आणि ‘आणि दोन’ म्हणेपर्यंत घुमू द्यायचा, दुसरा स्वर शेवटच्या ‘आणि’वर. घाई करणारा दुसरा स्वर ‘दोन’वरच वाजवून टाकतो आणि चालीतला झोका जातो.

साध्या टंकातल्या टॅबमध्ये दांड्यांच्या जागी कधी अक्षरं लिहितात. `Q` एक मात्रा, `E` अर्धी, `S` पाव, `H` दोन. आपलाच सी घेऊन ते वाचू:

```
   Q   E E Q   Q
e|-----0-0-----0---|
B|-----1-1-----1---|
G|-----0-0-----0---|
D|---------2-------|
A|-3---------------|
E|-----------------|
   1   2 & 3   4
```

पहिल्या मात्रेला पाचवी तार एकटी. दुसऱ्या मात्रेत बारीक तीन तारा एकदम, दोनदा, अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या. तिसऱ्या मात्रेला चौथी तार एकटी आणि चौथ्या मात्रेला पुन्हा तीन तारा. बेरीज करून पाहा: एक, अर्धी आणि अर्धी, एक, एक. चार. प्रत्येक बारची बेरीज अशी चार यायलाच हवी. आली नाही तर एक तर आपण खूण चुकीची वाचली, नाहीतर विश्रांतीची खूण नजरेतून सुटली, नाहीतर लिहिणारा चुकला. मिनिटाला ६० मात्रा अशी गती लिहिली असेल तर एक मात्रा म्हणजे एक सेकंद, आणि मधल्या दोन छेडी मिळून एका सेकंदात बसल्या पाहिजेत. मेट्रोनोम लावून हाच एक बार दहा मिनिटं वाजवला, तर मन लावून न वाचलेली खूण आपोआप उघडी पडते.

अक्षरंही नसतील तर आकड्यांमधलं अंतर बघायचं. वरच्या ओळीत एका मात्रेची जागा चार अक्षरांएवढी आहे, अर्ध्या मात्रेची दोन. काळजीने लिहिलेल्या टॅबमध्ये प्रत्येक बारची लांबी सारखी असते आणि असं अंतर मोजून लय काढता येते. बारांची लांबी ओळीओळीला बदलत असेल, तर त्या अंतरावर विश्वास ठेवू नये. दहाव्या, बाराव्या फ्रेटचे आकडे दोन अक्षरांची जागा खातात, तिथे काळजीने लिहिणाऱ्याचंही अंतर बिघडतं. अशा टॅबवरून फक्त जागा घ्यावी आणि लय मूळ गाणं ऐकून ठरवावी.

टॅबमध्ये आकड्यांना जोडणारी कमानही असते आणि तिचे अर्थ दोन. कमानीच्या दोन टोकांना वेगवेगळे आकडे असतील, उदाहरणार्थ ० आणि २, तर उजव्या हाताने फक्त पहिला वाजवायचा आणि दुसरा डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून किंवा उचलून काढायचा. जवळ `h` किंवा `p` लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांना एकच आकडा असेल, तर तो एकच स्वर लांबवलेला आहे. दुसरा आकडा पुन्हा छेडायचा नाही, पुष्कळदा तो कंसात टाकलेला असतो. भातखंडे लिपीची सवय असलेल्यांनी इथे सावध राहावं, कारण ही कमान मात्रा बांधत नाही, स्वर लांबवते.

राहिला उजव्या हाताचा प्रश्न. कॉर्ड वाजवताना पिकने तारांवरून हात खाली न्यायचा की वर, याच्या खुणा वेगळ्या असतात. `⊓` म्हणजे हात खाली, जाड तारांकडून बारीक तारांकडे. `V` म्हणजे हात वर. या व्हायोलिनच्या गजाच्या खुणा, गिटारने तशाच घेतल्या, आणि त्यांच्याबद्दल कधी संशय येत नाही. बाणांबद्दल येतो. गाण्याच्या शब्दांवर लिहिलेला खाली जाणारा बाण म्हणजे बहुधा हात खाली. पण टॅबच्या सहा रेघांवरच काढलेला बाण तारांचा क्रम दाखवतो. टॅबमध्ये जाड तार तळाला असते, म्हणून जाड तारेकडून बारीक तारेकडे जाणारा बाण कागदावर वर जातो आणि हात मात्र जमिनीकडे जातो. बाण रेघांच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहिलं की घोटाळा होत नाही.

सर्वांत जास्त शिकवली जाणारी स्ट्रमिंगची चाल अशी लिहितात, `D` म्हणजे खाली आणि `U` म्हणजे वर:

```
1 & 2 & 3 & 4 &
D   D U   U D U
```

ही सहा अक्षरं नुसती पाठ केली तर चाल कधीच बसत नाही, कारण तिचं मर्म मोकळ्या जागांमध्ये आहे. हात लोलकासारखा सतत चालू हवा. प्रत्येक अंकावर खाली, प्रत्येक ‘आणि’वर वर, आठही वेळा, न थांबता. पहिल्या ‘आणि’वर हात वर जातो, पण तारांना लागत नाही. तिसऱ्या मात्रेवर हात खाली येतो, पण तारांपासून बोटभर दूरून. छापील लयीत नेमकं इथेच कमान दिसते: दुसऱ्या मात्रेच्या ‘आणि’वरचा आवाज तिसऱ्या मात्रेवर ओढलेला असतो. तिसऱ्या मात्रेवर हात थांबवला की पुढचा ‘आणि’ वरच्या हाताने घेता येत नाही, वाजवणारा तो खाली मारतो, आणि चौथ्या मात्रेला हाताची दिशा उलटी झालेली असते. चूक झाली की नाही हे कळायला सोपी कसोटी आहे. बार संपून पुढच्या ‘एक’वर आलात तेव्हा हात खालीच जात होता का, ते पाहा. वर जात असेल, तर तिसऱ्या मात्रेपाशी परत जा आणि तारांवर हलका कापड टाकून, आवाज न काढता, फक्त हाताची ये-जा मोजून घ्या.